गिरणीसाठी जनरेटर निवडताना: केव्हीए, किलोवॅट आणि मोटरची पहिली ओढ

समजा, पेडण्यात तुमची गिरण आहे. १० एचपीची एक मोटर गिरणीला, ५ एचपीची दुसरी पाण्याच्या पंपाला, आणि दिवे-पंखे मिळून एक किलोवॅट. पावसाळ्यात लाईट गेली की काम थांबतं, म्हणून जनरेटर घ्यायचा आहे. १० आणि ५ मिळून १५, म्हणून १५ केव्हीएचा सेट बघायला निघाला असाल तर जरा थांबा. कागद, पेन आणि टॉर्च घ्या, आपण आधी मोटरपाशी जाऊ.

१. मेन स्विच बंद करून दोन्ही मोटरांच्या नेमप्लेट पुसा आणि त्यांवरचे अँपिअर लिहून घ्या. आपल्या गिरणीच्या मोटरवर १४ अँपिअर आहेत, पंपावर ७.५. सावध: नेमप्लेटवरचे किलोवॅट किंवा एचपी म्हणजे मोटर शाफ्टला देते ती ताकद. ती द्यायला मोटर विजेतून त्याहून जास्त घेते. म्हणून हिशेब अँपिअरवरूनच करायचा.

२. अँपिअरला ०.७२ ने गुणा. तीन फेज, ४१५ व्होल्टच्या मोटरचे केव्हीए मिळतात. गिरण: १४ × ०.७२ = १०.१. पंप: ७.५ × ०.७२ = ५.४. दिव्यांचे साधारण १ धरा. बेरीज १६.५ केव्हीए, म्हणजे १५ चा सेट नुसतं चालवायलाच कमी पडला. सिंगल फेज मोटरला ०.७२ चालत नाही. तिथे व्होल्ट गुणिले अँपिअर, भागिले १०००.

३. आता प्रत्येक केव्हीएला त्याच नेमप्लेटवरच्या पॉवर फॅक्टरने गुणा. गिरणीचा ०.८५ आहे, म्हणून ८.६ किलोवॅट. पंपाचा ०.८२, म्हणून ४.४. दिव्यांचा १ मिळवला की १४ किलोवॅट. दोन्ही बेरजा वेगवेगळ्या लिहा, एकात मिसळू नका: किलोवॅटचं ओझं इंजिन ओढतं, केव्हीएचं ओझं अल्टरनेटरची वाइंडिंग सोसते.

४. प्रत्येक मोटरचा स्टार्टर उघडून बघा, डीओएल आहे की स्टार-डेल्टा. झाकण उघडण्यापूर्वी मेन बंद आहे ना, ते पुन्हा तपासा. आपल्याकडे गिरणीला स्टार-डेल्टा आहे, पंपाला डीओएल.

५. सुरुवातीची ओढ काढा. डीओएलला चालू केव्हीएच्या ६ पट, स्टार-डेल्टाला २ पट. पंप: ५.४ × ६ = ३२. गिरण: १०.१ × २ = २०. बघितलंत? लहान मोटरच जास्त ओढते. एचपी बघून अंदाज बांधणारे इथेच फसतात. स्टार-डेल्टाचा फायदा मात्र मोटरने वेग घेतल्यावरच डेल्टा लागला तर मिळतो. घाई केली तर त्या क्षणी डीओएलइतकीच ओढ येते, म्हणून गिरण दाणे न सोडता, रिकामीच सुरू करा.

६. मोटरी कोणत्या क्रमाने चालू करायच्या ते ठरवा. आधी गिरण आणि मग पंप लावला, तर पंप सुटतो त्या क्षणी गिरण १०, दिवे १ आणि पंपाची ओढ ३२, असे ४३ केव्हीए होतात. आधी पंप लावला तर ३२ आणि १, म्हणजे ३३. मग गिरण लावताना ५.४, १ आणि २० मिळून २६.४. सर्वांत मोठा क्षण ३३ चाच राहिला. ज्याची ओढ मोठी तो आधी, हे स्टार्टरच्या बोर्डावर खडूने लिहून ठेवा. (अशी सरळ बेरीज थोडी जास्त भरते. भरू दे, चूक आपल्या बाजूची आहे.)

७. कोणती मोटर आपोआप सुरू होते का ते शोधा. ही पायरी गाळू नका. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या शेडमध्ये पंपाच्या जागी ५ एचपीचा कॉम्प्रेसर असेल, तर हवेचा दाब उतरला की तो स्वतःच सुटतो. तुमचा क्रम तो पाळणार नाही. टाकीच्या फ्लोट स्विचवरचा पंपही तसाच. अशी मोटर असेल तर ३३ विसरा, ४३ धरा.

८. तुमच्या मोठ्या आकड्याला १.५ ने भागा. ३३ ला २२ येतात, म्हणून २५ केव्हीएचा सेट. ४३ ला जवळजवळ २९, म्हणून ३० चा. हा ठोकताळा आहे: एवढ्या ओढीला व्होल्टेज साधारण २० टक्के बसतं आणि लगेच सावरतं. पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून त्या अल्टरनेटरचा मोटर स्टार्टिंगचा तक्ता मागा. २० टक्के घसरणीला तो किती केव्हीए देतो, ते त्यात असतं. तक्ता आणि ठोकताळा जुळले नाहीत तर तक्ता खरा.

९. आता जनरेटरची नेमप्लेट वाचा. २५ केव्हीए, पॉवर फॅक्टर ०.८ लिहिलं असेल तर २५ × ०.८ = २० किलोवॅट. एका विक्रेत्याचा २५ केव्हीए आणि दुसऱ्याचा २० किलोवॅट हा एकाच ताकदीचा सेट आहे. नुसतं ‘२५ चा’ म्हणाला तर कशाचे २५ ते विचारा. ‘स्टँडबाय’ आकडा फक्त अधूनमधून लाईट गेल्यावर वापरायचा, रोज तासन्‌तास चालवायचं असेल तर ‘प्राइम’ आकडाच धरा.

१०. तिसऱ्या पायरीतले १४ किलोवॅट या २० शी ताडून बघा. ७० टक्के भार आला, छान. पुढे लागेल म्हणून ६२.५ केव्हीएचा घेतलात तर तो ५० किलोवॅटचा सेट २८ टक्क्यांवर रेंगाळेल. इतक्या कमी भारावर डिझेल नीट जळत नाही आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काळं, तेलकट पाणी दिसू लागतं. त्यापेक्षा पंपाला सॉफ्ट स्टार्टर लावणं बरं, ओढच कमी होते.

११. परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. दोन्ही बाजूंना प्लग असलेली वायर सॉकेटमध्ये खुपसून घर चालवायचं नाही, कधीच नाही. वीज उलटी लाईनवर जाते आणि बाहेर खांबावर लाईनमन चढलेला असतो.

१२. पैसे चुकते करण्यापूर्वी तुमच्याच मोटरी लावून चाचणी घ्या. किमान आकडा धरून ठेवणारा मीटर लावा, ठरलेल्या क्रमाने मोटरी सुरू करा आणि व्होल्ट व हर्ट्झ दोन्ही बघा. व्होल्ट ३३० च्या खाली गेले, स्टार्टर कडकडले किंवा सुटले, पण हर्ट्झ ५० च्या आसपास टिकले, तर अल्टरनेटर अपुरा: केव्हीए कमी पडले. हर्ट्झच घसरले, इंजिन कण्हू लागलं आणि काळा धूर सुटला, तर किलोवॅट कमी पडले. आपल्या गिरणीत पहिलं होण्याची शक्यता जास्त. तसं झालं तर आधी पंपाचा स्टार्टर बदलून बघा, मगच मोठा सेट मागा.