आंबट मुरवणीत मांस मऊ होण्याऐवजी पिठूळ का होते?

पंडरी (रायपूर) येथील आमच्या घरी रविवारच्या जेवणासाठी ब्रॉयलर कोंबडीचे बोनलेस तुकडे शनिवारी रात्रीच लिंबाच्या रसात मुरत ठेवले होते. शिजवल्यावर ते बाहेरून पिठूळ व आतून कोरडे निघाले. कारण पाहण्यासाठी पुढे ९०० ग्रॅम मांसाचे अडीच सेंटीमीटरचे तुकडे करून त्यांचे तीन समान भाग केले. प्रत्येक भागास साडेचार ग्रॅम, म्हणजे दीड टक्का मीठ लावले. पहिला भाग तसाच ठेवला, दुसऱ्यात ६० ग्रॅम दही व तिसऱ्यात ३० मिलिलिटर लिंबाचा रस घातला. तिन्ही भाग फ्रिजमध्ये ठेवले.

मिठाचे कार्य

मिठामुळे स्नायुतंतूंतील प्रथिने फुगतात व काही अंशी विरघळतात. त्यामुळे शिजताना पाणी कमी सुटते. मीठ आम्लापेक्षा खोलवर पोहोचते. म्हणूनच केवळ मीठ लावलेला भाग १४ तासांनंतरही घट्ट व रसदार राहिला.

आम्लाचे कार्य

कोंबडीच्या मांसाचा सामू साधारण ५.७ ते ५.९ असतो. तो ५ च्या आसपास उतरला की प्रथिनांची पाणी धरण्याची क्षमता सर्वांत कमी होते. सामू त्याहून बराच खाली गेला की तंतू पुन्हा फुगतात, प्रथिनांची घडण उलगडते आणि मांसातील स्वतःची प्रथिनभंजक विकरेही अधिक क्रियाशील होतात. लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५ असतो, तर दह्याचा ४ ते ४.५. आम्ल काही तासांत जेमतेम काही मिलिमीटर आत शिरते. परिणामी पृष्ठभाग मोडतो, मध्यभाग मात्र जवळजवळ तसाच राहतो.

वेळेचा परिणाम

लिंबाच्या भागात अर्ध्या तासात कडा पांढुरक्या झाल्या, पण पोत चांगला होता. चार तासांनी बोटाने दाबताच तंतू सुटू लागले. चौदा तासांनी पृष्ठभाग कणकेसारखा झाला व भांड्यात गढूळ पाणी साचले. दह्याचा भाग सहा तासांपर्यंत उत्तम होता. चौदा तासांनी कडा किंचित सैल झाल्या.

व्यवहारात काय करावे?

मीठ व मसाला आदल्या रात्री लावण्यास हरकत नाही. दही शिजवण्यापूर्वी चार ते सहा तास, तर लिंबू शेवटच्या अर्ध्या तासात घालावे. कच्ची पपई वापरल्यास तिच्यातील पपेन हे विकर वेगळ्या मार्गाने तंतू तोडते. तेव्हा वेळ आणखी कमी ठेवावा.

जून गावरान कोंबडीचा चिवटपणा मुख्यतः संयोजी ऊतीतील कोलॅजेनमुळे असतो. आम्ल तिथवर पुरेसे पोहोचत नाही. त्यामुळे मुरवणीचे तास वाढवण्यापेक्षा मंद आचेवर अधिक वेळ शिजवणे हाच उपाय होय.

लिंबाने पांढरे झालेले मांस शिजलेले नसते. मुरवण फ्रिजमध्येच करावी आणि तुकड्याच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस तापमान येईपर्यंत शिजवावे.