नायक नापास झाला तर ती काय करेल?

प्रश्न : मी नांदेडचा. पहिलीच कादंबरी लिहितोय. नायक लोहा तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा, लातूरच्या ट्यूशन एरियात नीटची तयारी करतो. कथा तोच सांगतो, 'मी' म्हणून. प्राजक्ता त्याच्याच बॅचला आहे. हुशार, देखणी, समजूतदार. तो खचला की धीर देते. शेवटी त्याची निवड होते आणि लातूर स्टेशनवर ती होकार देते. वाचून एक मैत्रीण म्हणाली, "ही पोरगी नाही, ट्रॉफी आहे." प्राजक्ताचे प्रसंग वाढवले, तरी मैत्रिणीचं मत तेच. माझं कुठं चुकतंय?

उत्तर : मैत्रीण बरोबर बोलली. पण प्रसंग वाढवून हे सुटत नाही. तुमच्या शेवटाला एक प्रश्न विचारून बघा : नायकाची निवड झाली नाही, तर प्राजक्ता त्या दिवशी काय करेल? तिचाही निकाल त्याच दिवशी लागलाय. तिला किती मार्क पडले, हे तुमच्या पत्रात कुठंच नाही, बहुधा हस्तलिखितातही नसेल. दुखणं तिथं आहे.

नागराज मंजुळे यांचे दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहा. २०१४ साली थिएटरात आलेल्या 'फँड्री'तली शालू जब्याशी धड एक शब्द बोलत नाही. तिला काय हवंय, घरी ती कशी वागते, काही कळत नाही. तरी ती ट्रॉफी होत नाही, कारण चित्रपट जब्याच्या नजरेचा आहे आणि त्या नजरेवर लेखकाने विश्वास ठेवलेला नाही. काळ्या चिमणीची राख टाकली की शालू वश होईल असं जब्याला वाटतं. लेखकाला तसं वाटत नाही, आणि ती जब्याला मिळतही नाही. म्हणजे पात्राला जागा थोडी असणं हा दोष नव्हे. नायकाला ती जशी दिसते तशीच ती आहे असं लेखकही धरून चालतो, तेव्हा घोटाळा होतो. तुमची कादंबरी 'मी'ची आहे, म्हणून हा धोका तुम्हाला जास्त.

आता २०१६चा 'सैराट'. आर्ची म्हटलं की लोकांना बुलेट आणि ट्रॅक्टर आठवतो. त्यानंतर किती हस्तलिखितांतल्या नायिका बुलेटवर बसल्या, विचारू नका. पण बुलेट हा तिची ऐट दाखवणारा तपशील आहे, तिचा स्वभाव त्याच्या खाली आहे. पाटलाची लेक म्हणून आपला शब्द चालतो, ही तिची सवय. त्या सवयीच्या बळावर ती पोलीस ठाण्यात खोट्या तक्रारीविरुद्ध उभी राहते. पुढे पिस्तूल हातात घेऊन परश्याची सुटका करते तीही त्याच बळावर. पण हैदराबादच्या वस्तीत तीच सवय तिच्यावर उलटते. तिथं तिला ओळखणारं कोणी नाही. घाण सोसत नाही, घर आठवतं. परश्या संशय घेतो, हात उचलतो, आणि ती सोडून निघते. परत येते ती स्वतःच्या निर्णयाने.

पुढे संसार बसतो, मूल होतं आणि ती आईला फोन करते. माहेर हवंसं वाटणं ही तिची स्वतःची इच्छा आहे, परश्याची नव्हे. माहेरची माणसं दारात येतात त्याची वाट त्या फोनमधून निघते. तिची गरज आणि तिचा आंधळेपणा कथेचा शेवट घडवतात. पात्राचा दोष म्हणतात तो हा. वेंधळेपणा, बडबड, नाकावरचा राग हे दागिने आहेत. ते काढून टाकले तरी कथेत काही बदलत नाही. बदललं नाही, म्हणजे तो दोष नव्हता.

प्राजक्ताकडे येऊ. धरून चालू की ती रिपीटर आहे, दुसऱ्यांदा बसतेय. तिला सरकारी कॉलेजच हवंय, कारण खाजगीची फी बापाला झेपणारी नाही आणि मागे धाकटा भाऊ आहे. रविवारच्या टेस्टला ७२०पैकी ४८० पडतात आणि ती घरी फोनवर ५६० सांगते. हा तिचा दोष. आता त्याला कामाला लावा. बाप त्या आकड्यावर विसंबून गावातली जमीन विकायचा सौदा थांबवतो, किंवा उलट, पोरगी लागणारच म्हणून कर्ज काढतो. कोणतंही एक घ्या, पण तिच्या खोट्याची किंमत कुणीतरी मोजली पाहिजे. ते उघडं पडू नये म्हणून ती नायकाला टाळायला लागेल, कारण खरे मार्क तिने त्याला सांगितलेले आहेत. बघा, दोघांत अंतर पडलं आणि त्यासाठी बाहेरून खलनायक आणावा लागला नाही.

तुम्ही पाठवलेल्या नमुन्याच्या प्रकरणात टेस्ट बिघडलेल्या नायकाला ती टपरीवर चहा पाजते आणि म्हणते, "तू करशील, मला माहीत आहे." हे वाक्य कुणीही कुणालाही म्हणू शकतं. त्याच संध्याकाळी तिचाही पेपर बिघडलाय असं करून लिहा :

"चल ना जरा फिरून येऊ."
"नको. फिजिक्सचे अकरा चुकलेत, ते बघायचेत."
"माझं तर सगळंच गेलं."
"मग तू पण बघ की. माह्याजवळ रडून मार्क वाढणारेत का?"

ती इथं थोडी निष्ठुर आहे. असू द्या. नायक दुखावला जाईल आणि वाचकांना मात्र दिसेल की तिला घाई कशाची आहे. थोड्या वेळाने हॉस्टेलच्या जिन्यात ती फोनवर "पाचशे साठ, पप्पा" म्हणताना नायकाच्या कानावर येतं. त्याला वाटतं, ही आपल्याला कमी मार्क सांगून दिलासा देत होती. त्याचा हा गैरसमज पुढची चाळीस पानं चालू द्या. 'मी'च्या कथेत तिच्या मनात शिरता येत नाही, पण 'मी' जे ऐकतो आणि चुकीचं समजतो त्यातून ती उभी राहते. शिरकाव हवाच असेल, तर निकालाचा दिवस तिच्या तोंडून दोन-तीन पानं लिहून काढा आणि ती कादंबरीत घालू नका. ती तुमच्यासाठी आहेत.

उलट टोकालाही जाऊ नका. टीका ऐकून काही लेखक नायिकेला सर्वज्ञ करतात : ती पहिली येते, नायकाला शहाणपण शिकवते, कधी चुकत नाही. ती बक्षिसाऐवजी शिक्षिका होते, आणि तिचं काम पुन्हा नायकाला घडवणं एवढंच उरतं. तुमची 'समजूतदार' प्राजक्ता त्याच वाटेवर आहे.

राहिला स्टेशनवरचा होकार. तो सध्या निवडीच्या यादीला जोडलेला आहे : नाव लागलं, मुलगी मिळाली. ही गाठ सोडा. त्याची निवड होवो, तिची होऊ नये, आणि ती तिसऱ्यांदा बसायचं ठरवो. किंवा तिला दूरच्या जिल्ह्यात जागा मिळो आणि तो मागे राहो. दोन्हींत तिला होकारासाठी काहीतरी सोडावं लागेल. ते सोडायचं की नाही हे तिने ठरवावं, तुमच्या कथानकाने नव्हे. नकार आला तरी कादंबरी बिघडत नाही.

दुरुस्ती शेवटापासून नको, टेस्टच्या प्रकरणापासून सुरू करा. आधी तिचे मार्क ठरवा.