गर्भिणीचा उत्तरमासांतील रक्तस्राव : अपरेचे स्थान व अपरेचे विलगीकरण

गर्भिणीच्या रक्तस्रावाचा विचार करताना आपल्या संहितांचा भर मुख्यत्वे पहिल्या काही मासांवर आहे. गर्भस्राव व गर्भपात यांची लक्षणे आणि चिकित्सा तेथे विस्ताराने सापडते. परंतु सातव्या मासानंतर, म्हणजे साधारणतः २८ आठवडे पूर्ण झाल्यावर जो रक्तस्राव होतो, त्याची जात निराळी आहे. तेथे प्रश्न गर्भ टिकण्याचा नसून अपरा, म्हणजेच वार, कोठे चिकटलेली आहे आणि ती सुटू लागली आहे काय, हा असतो. पूर्वीच्या मासांत उपयोगी पडणारी स्तंभन चिकित्सा येथे वेळ दवडण्यास कारण होऊ शकते. प्रस्तुत लेखात आम्ही केवळ एवढाच भाग घेतला आहे की, अशी स्त्री प्रथम वैद्याच्या दवाखान्यात आली असता त्याने काय ओळखावे, काय करावे आणि काय कदापि करू नये.

प्रथम खाली असलेल्या वारेचा विचार करू. वार सामान्यतः गर्भाशयाच्या वरच्या भागात चिकटलेली असते. ती खालच्या भागात असून गर्भाशयाचे अंतर्मुख झाकत असेल, तर त्या अवस्थेस प्लासेंटा प्रीव्हिया म्हणतात. वारेची कड अंतर्मुखापासून २० मिलिमीटरच्या आत असेल, परंतु मुख झाकत नसेल, तर 'लो लाइंग' म्हणजे खाली असलेली वार असे सोनोग्राफीच्या अहवालात लिहिलेले आढळते. शेवटच्या तीन मासांत गर्भाशयाचा खालचा भाग ताणला जाऊन लांबतो. त्याला चिकटलेली वार मात्र तशी ताणली जात नाही, त्यामुळे तिची कड थोडी सुटते आणि तेथील मातेच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. खालच्या भागात मांसतंतू कमी असल्याने त्या वाहिन्या आवळल्याही जात नाहीत. रक्त साचून राहत नाही, सरळ बाहेर येते, म्हणून वेदना नसते.

या रक्तस्रावाचे चित्र म्हणूनच फसवे आहे. स्त्री रात्री झोपेतून उठते व अंथरूण भिजलेले दिसते. रक्त ताजे, लाल असते. पोट दुखत नाही, हाताला मऊ लागते, बाळाची हालचालही चांगली असते. पोट तपासल्यास डोके वर तरंगत असते, किंवा बाळ आडवे अथवा पायाळू असते, कारण वारेने खालची जागा अडविलेली असते. हा पहिला स्राव पुष्कळदा थोडा असतो व आपोआप थांबतो. येथेच घात होतो. अशा वेळी लोध्र, नागकेशर किंवा अन्य रक्तस्तंभक कल्प दिला असेल, तर यश त्या औषधाचे समजले जाते, वैद्य निश्चिंत होतो आणि स्त्री घरी जाते. पुढचा स्राव केव्हा येईल व किती असेल याचा नेम नाही. तो पहिल्यापेक्षा फार मोठा असू शकतो. आमच्या मते थांबलेला पहिला स्राव ही सूचना समजावी. अशा स्त्रीस, रक्त थांबले असले तरी, त्याच दिवशी शस्त्रक्रिया व रक्तपेढी या दोन्ही सोयी असलेल्या रुग्णालयात पाठवावे.

पूर्वी सिझेरियन झालेले असल्यास ही शंका अधिक बळकट धरावी. जुन्या व्रणावर वार खोल रुजण्याचा संभव असतो आणि तशी वार प्रसूतीच्या वेळी सुटत नाही. अशा स्त्रीची प्रसूती कोठे होणार, हे आधीच ठरलेले असले पाहिजे.

आता वैद्यवर्गाशी विशेष संबंध असलेला मुद्दा. चरकसंहितेच्या मासानुमासिक परिचर्येत नवव्या मासात मधुर औषधसिद्ध तैलाचा अनुवासन बस्ती आणि योनीत तैलाचा पिचु सांगितला आहे. हा विधी आज अनेक ठिकाणी आवडीने केला जातो आणि त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु तो सुरू करण्यापूर्वी वारेचे स्थान अहवालात डोळ्यांनी पाहिलेच पाहिजे. वार अंतर्मुखावर असताना बोट किंवा पिचु आत गेला, तर सुटलेली कड आणखी सुटून क्षणात प्रचंड रक्तस्राव होऊ शकतो. याच कारणास्तव रक्तस्राव होत असलेल्या स्त्रीची, वार खाली नाही हे सिद्ध होईपर्यंत, योनिपरीक्षा दवाखान्यात करू नये. 'मुख किती उघडले आहे ते पाहू' हा मोह टाळावा. बस्तीही देऊ नये. प्रारंभीच्या मासांतील रक्तदर्शनावर चरकाने यष्टिमधु व घृताचा थंड पिचु सांगितला आहे, तोसुद्धा उपस्थाच्या समीप ठेवावयाचा आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

१८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत वार खाली असल्याचे लिहिले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. गर्भाशय वाढता वाढता बहुतेक स्त्रियांत ती वर सरकलेली आढळते. मात्र ३२ आठवड्यांच्या सुमारास पुनः सोनोग्राफी झाली पाहिजे आणि तरीही खालीच असल्यास ३६ व्या आठवड्यात आणखी एकदा. मधल्या काळात मैथुन वर्ज्य करावे. योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी कड व अंतर्मुख यांतील अंतर अधिक बिनचूक दाखविते. ती तज्ज्ञाने केल्यास सुरक्षित असते. तिची तुलना बोटाच्या परीक्षेशी करू नये.

दुसरी अवस्था अधिक कपटी आहे. तीत वार योग्य जागी असूनही प्रसूतीपूर्वी गर्भाशयाच्या भिंतीपासून सुटते. रक्त वार व भिंत यांच्या मध्ये साचते. काही बाहेर येते, काही आतच राहते आणि कधी कधी बाहेर थेंबही दिसत नाही. वाढलेला रक्तदाब, पोटावर आघात, पूर्वीच्या गर्भारपणात असाच प्रकार आणि तंबाखूचे सेवन ही याची परिचित कारणे आहेत. बाहेर आलेल्या रक्तावरून हानी मोजणाऱ्याची येथे हमखास फसगत होते. कशी, ते एका उदाहरणाने पाहू.

२६ वर्षांची प्रथम गर्भिणी, ३४ आठवडे पूर्ण. दुपारपासून पोट व कंबर दुखते, वायू धरला असावा, म्हणून सायंकाळी सासूसह दवाखान्यात येते. हिंग्वाष्टक चूर्ण मिळावे अशी तिची अपेक्षा आहे. विचारल्यावर सांगते की, कपड्यावर काळपट रक्ताचा डाग आहे, पण 'फारसे नाही'. नाडी मिनिटाला १२०. रक्तदाब ११०/७०. एवढ्यावर थांबल्यास रक्तदाब उत्तम आहे असे वाटेल. परंतु तपासणीचे कार्ड उघडून पाहता गेल्या आठवड्यातील नोंद १५०/९६ अशी आहे. म्हणजे हा रक्तदाब प्राकृत नसून घसरलेला आहे. गर्भिणीच्या शरीरात रक्त वाढलेले असते, त्यामुळे एक लिटरच्या आसपास रक्त जाईपर्यंतही रक्तदाब टिकून राहू शकतो. नाडी मात्र आधीच वाढते. नाडीचा आकडा वरच्या रक्तदाबापेक्षा मोठा झाला, की स्थिती गंभीर समजावी. येथे तो झालेलाच आहे.

आता पोटावर हात. कळांमध्ये गर्भाशय आवळते व सोडते, त्या मध्यंतरी हाताला मऊपणा लागतो. या स्त्रीचे पोट लाकडासारखे घट्ट आहे, सैल होतच नाही, आणि दाबताच ती कळवळते. बाळाचे अवयव हाताला लागत नाहीत. दुपारपासून बाळ हलल्याचे तिला आठवत नाही. डॉपलरवर हृदयाचे ठोके मिनिटाला ९० ऐकू येतात. विसाव्या आठवड्याच्या अहवालात वार वरच्या भागात असल्याचे लिहिले आहे. एवढ्या माहितीवर निदान झाले. वायूचे औषध, शेक, अभ्यंग यांस येथे स्थान नाही.

पुढील कृती मिनिटांत झाली पाहिजे. प्रथम १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि जेथे पाठवावयाचे त्या रुग्णालयास दूरध्वनी करून रक्ताची तयारी ठेवण्यास सांगावे. स्त्रीस डाव्या कुशीवर निजवावे, पांघरूण घालावे, तोंडाने काहीही देऊ नये, काढाही नाही. ज्यांना शिरेतून द्रव देण्याचे शिक्षण व अधिकार आहे त्यांनी जाड सुया, १६ किंवा १८ क्रमांकाच्या, दोन्ही हातांत लावून रिंगर लॅक्टेट सुरू करावे. शीर न सापडल्यास तिच्यामागे वेळ घालवू नये. गर्भाशयाच्या वरच्या टोकाशी पेनाने रेघ मारावी. पुढे उंची त्या रेघेच्या वर गेल्यास आत रक्त साचत असल्याचे तेथील वैद्यकास कळेल.

रुग्णवाहिका येईपर्यंत अवधी असेल, तर आणखी एक साधी परीक्षा करता येते. स्वच्छ, कोरड्या, लहान काचेच्या नळीत २ मिलिलिटर रक्त घेऊन नळी बंद मुठीत उबदार धरावी. चार मिनिटांनी हलकेच तिरपी करून गुठळी होते काय ते पाहावे. सात मिनिटांनीही रक्त न गोठल्यास, किंवा झालेली गुठळी सहज मोडल्यास, रक्ताची गोठण्याची शक्ती संपत आली आहे असे समजावे. वारेच्या विलगीकरणात हा उपद्रव लवकर येतो. मात्र या परीक्षेसाठी रुग्णवाहिका एक मिनिटही थांबवू नये.

रुग्णालयात सोनोग्राफी झाली आणि वारेमागे रक्त दिसले नाही, तरी निदान चुकले असे होत नाही. ताजे साचलेले रक्त वारेसारखेच दिसते, म्हणून ते पुष्कळदा ओळखू येत नाही. सोनोग्राफीचा खरा उपयोग वार खाली नाही हे ठरविण्यास होतो. विलगीकरणाचे निदान हात, नाडी आणि वृत्तांत यांवरच करावयाचे असते. आपल्या परंपरेत वाढलेल्या वैद्यास हे परके वाटू नये.

सोबत द्यावयाच्या चिठ्ठीत आठवडे, वेदना आहे की नाही, रक्त केव्हा सुरू झाले व किती कपडे भिजले, नाडी व रक्तदाब वेळेसह, बाळाचे ठोके, वारेचे स्थान, आणि योनिपरीक्षा केलेली नाही हे स्पष्ट लिहावे. दिलेली औषधेही, चूर्णासह, लिहावीत. रक्तगट कार्डावर असल्यास तो वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत उतरवावा. माता ऱ्हीसस निगेटिव्ह असल्यास, स्राव थांबला तरी, ७२ तासांच्या आत अँटी-डीचे इंजेक्शन आवश्यक आहे काय हे तेथे ठरवावे लागते, आणि किरकोळ स्राव म्हणून घरी परतलेल्या स्त्रियांच्या बाबतीत नेमकी हीच गोष्ट राहून जाते.