न्यूमोनिया झालाय, ॲडमिट व्हायचं का?

न्यूमोनियाचे निदान झाले की कवठे येमाईच्या कोणत्याही घरात पुढचा प्रश्न ठरलेला असतो: गोळ्यांवर भागेल, की शिरूरला न्यावे लागेल? उत्तर बहुधा तापाच्या आकड्यावर, एक्स-रेमधल्या डागावर किंवा नातेवाइकांच्या धास्तीवर ठरते. या तिन्हींवर फारसे विसंबून चालत नाही. १०३ ताप असलेला तरुण घरच्या घरी बरा होतो, आणि ताप अजिबात न चढलेली म्हातारी दोन दिवसांत हाताबाहेर जाते. म्हणूनच मोठ्या माणसांच्या न्यूमोनियासाठी डॉक्टर गुण मोजतात. ते उपयोगाचे आहेत, पण त्यांना नेमके काय विचारायचे हे कळले नाही तर ते फसवतातही.

आपल्याकडे सोयीची पद्धत म्हणजे सीआरबी-६५. तिला रक्त तपासावे लागत नाही, चार गोष्टी पाहायच्या. रुग्ण नव्याने भ्रमात आहे का, म्हणजे आज वार कोणता, आपण कुठे आहोत, समोर कोण बसले आहे हे त्याला सांगता येते का? श्वास मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त आहेत का? बीपीचा वरचा आकडा ९० च्या खाली, किंवा खालचा ६० किंवा त्याहून कमी आहे का? वय ६५ किंवा जास्त आहे का? प्रत्येक 'हो'ला एक गुण. यात रक्तातल्या युरियाचा पाचवा गुण मिळवला की सीयूआरबी-६५ होतो. २००३ मध्ये ब्रिटन, न्यूझीलंड आणि नेदरलँड्समधल्या १,०६८ रुग्णांवरून हा पाच गुणांचा हिशेब मांडला गेला. त्यात शून्य गुणवाल्यांपैकी महिनाभरात दगावलेले शेकडा एकाहूनही कमी होते, तीन गुणवाल्यांपैकी शेकडा १७, आणि पाचच्या पाच गुणवाल्यांपैकी निम्म्याहून जास्त. युरियाच्या बाबतीत मात्र एक घोटाळा नेहमी होतो. मूळ मर्यादा ७ मिलिमोल आहे. आपल्या लॅबच्या रिपोर्टवर 'ब्लड युरिया' मिलिग्रॅममध्ये येतो, तेव्हा ती मर्यादा साधारण ४२ होते, आणि 'बीयूएन' लिहिलेले असेल तर साधारण २०. बीयूएनची मर्यादा ब्लड युरियाला लावली, की धडधाकट माणसालाही फुकटचा एक गुण मिळतो.

आता मुख्य मुद्दा. हे गुण मृत्यूचा धोका सांगतात, ऑक्सिजनची गरज सांगत नाहीत. दोन रुग्ण कल्पून पाहू. पहिले ६८ वर्षांचे आजोबा. तीन दिवस ताप आणि खोकला, श्वास मिनिटाला २२, बीपी १२४/७६, वार-गाव सगळे बरोबर सांगतात, ऑक्सिमीटरवर ९६. त्यांचा गुण एक, आणि तोही निव्वळ वयाचा. दुसरा ३८ वर्षांचा, रांजणगावच्या कारखान्यात जाणारा. श्वास २८, बीपी ११०/७०, शुद्ध पूर्ण, पण ऑक्सिमीटरवर ८८. त्याचा गुण शून्य. कागदावर दुसरा जास्त सुरक्षित दिसतो. प्रत्यक्षात त्याला ताबडतोब ऑक्सिजन लागणार आहे, आणि आजोबांना गोळ्या सुरू करून, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायचे या बोलीवर घरी ठेवता येते. तरुण शरीर बराच वेळ दम काढते, बीपी टिकवते, आणि मग एकाएकी ढासळते. त्यामुळे २०१२ च्या भारतीय मार्गदर्शक सूचनांतही या गुणांसोबत ऑक्सिमीटर जोडलेला आहे. माझा नियम साधा आहे: ऑक्सिजन ९२ च्या खाली असेल, तर गुण कितीही असोत, रुग्णाला घरी ठेवायचे नाही.

यावर कुणी म्हणेल, एवढे मोजत बसण्यापेक्षा सरळ ॲडमिट करा, धोका कशाला पत्करायचा? या शंकेला पुराव्याने उत्तर देता येते. बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी कमी धोक्याच्या न्यूमोनियाचे २२४ रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. निम्म्यांना घरी गोळ्या, निम्म्यांना रुग्णालय. २००५ साली छापलेल्या या अभ्यासात दोन्ही गट सारखेच बरे झाले, आणि घरी राहिलेले जास्त समाधानी होते. पण त्यांनी कुणाला वगळले होते तेही वाचायला हवे. ऑक्सिजन घसरलेले, छातीत पाणी साचून गुंतागुंत झालेले, दुसरा आजार बळावलेले आणि घरी पाहणारे कुणी नसलेले असे रुग्ण त्यात घेतलेच नव्हते. म्हणजे घरचा उपचार सुरक्षित ठरला तो ही चाळणी आधी लावल्यामुळे. उगाच भरती केल्याचेही दुष्परिणाम असतात. सलाईनच्या सुईतून जंतू शिरतात, झोपून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाचे पाय जातात, आणि कांद्याच्या पट्टीतून हाती आलेला पैसा आठवड्यात संपतो.

दुसरी शंका जास्त रास्त आहे. हे गुण परदेशी रुग्णालयांत तयार झाले, आमच्या गावाला ते कसे लागू पडणार? पूर्ण लागू पडत नाहीतच. किरकोळ अंगाच्या आजीबाईंचे बीपी एरवीही १०६/५८ असते, त्यांना खालच्या आकड्यावरून गुण देण्यापूर्वी जुने कागद पाहावेत. विडी ओढून दमा जडलेल्यांचा ऑक्सिजन मुळातच कमी असतो. आणि कुठल्याही गुणपत्रकात अंतराला रकाना नाही. शहरात रात्री दोनला धाप वाढली तर रिक्षा मिळते, इथे वाडीवस्तीवरून गावात आणि तिथून शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात पोचेपर्यंत किती वेळ जाईल हे ज्याचे त्याला ठाऊक. म्हणून ९२-९३ वर अडकलेला, उलट्यांमुळे गोळी पोटात न टिकणारा, किंवा मळ्यात एकटाच राहणारा रुग्ण गुण शून्य असला तरी मी दिवसा, उजेडातच पुढे पाठवतो. दोन किंवा जास्त गुण असतील तर प्रश्नच उरत नाही, आणि तीनच्या पुढे अतिदक्षता विभागाची सोय असलेले ठिकाण गाठावे.

घरी ठेवायचे ठरले, तर घरच्यांनी मोजण्याचे काम शिकून घ्यावे. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचे नाही, कारण दोन श्वासांची चूक आठची होते. रुग्णाला न सांगता, पोटाकडे बघत मोजा, सांगितले की श्वास बदलतो. ऑक्सिमीटर लावताना बोट ऊबदार हवे, नखाला पॉलिश किंवा काळी मेंदी नको, आणि आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा. सावळ्या कातडीवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते, म्हणून ९३ दिसले की निर्धास्त होऊ नका. सकाळ-संध्याकाळ दोन्ही आकडे वहीत लिहा. लहान मुलांना यातले काही लावू नका, त्यांचे हिशेब वेगळे आहेत.

औषध लागू पडले तर ताप दोन-तीन दिवसांत उतरू लागतो. खोकला मात्र आठवडे रेंगाळतो, त्याने घाबरायचे कारण नाही. श्वास ३० कडे सरकले, ऑक्सिजन ९२ च्या खाली गेला, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा लघवी अगदी कमी झाली, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा आणि ती वही सोबत न्या.