दूध टाकणाऱ्या बाळाला ॲसिडिटीचं औषध: आधी वजन बघा

आंबिवली, मोहने, टिटवाळा या पट्ट्यातून दोन ते पाच महिन्यांच्या बाळांच्या आया मला एक प्रश्न हमखास विचारतात: ‘बाळ प्रत्येक वेळी दूध टाकतं. मेडिकलवाल्याने ॲसिडिटीचं औषध दिलंय. वजन सहा किलो आहे, किती एमएल देऊ?’ वजनावरून डोस ठरतो, हे या आयांना ठाऊक असतं आणि ते बरोबरच आहे. पण तेच वजन आणखी एक गोष्ट सांगतं, तिकडे मात्र कोणी बघत नाही.

समजा, चार महिन्यांची मुलगी आहे. जन्माचं वजन 2.9 किलो. माता-बाल संरक्षण कार्डावर लसीच्या दिवशी केलेल्या नोंदी अशा: सहाव्या आठवड्याला 4.2, दहाव्याला 5.1, चौदाव्याला 5.8 आणि आज 6.2 किलो. ती दिवसातून आठ-दहा वेळा दूध टाकते, कधी पातळ, कधी दह्यासारखं. दुपट्यावर डाग पसरला की घरच्यांना वाटतं, प्यायलेलं सगळं बाहेर आलं. प्रत्यक्षात दोन चमचे दूध दुपट्यावर भलतंच मोठं दिसतं. कार्डावरच्या वाढीच्या तक्त्यात तिच्या नोंदी मांडल्या तर रेषा तिच्या पट्ट्यात सरळ वर जाताना दिसते. पोटात दूध टिकत नसतं, तर ही रेषा आडवी झाली असती.

बाळ दूध का टाकतं, तेही सांगतो. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू या वयात मधूनमधून उगाचच सैल पडतो. जठर लहान, अन्न पातळ, आणि बाळ दिवसाचा बराचसा वेळ आडवं. त्यामुळे दूध वर येतं. चौथ्या महिन्याच्या आसपास हे सगळ्यात जास्त असतं. त्या वयातली निम्म्याहून अधिक बाळं रोज दूध टाकतात. बसायला लागल्यावर ते कमी होतं आणि वर्षाच्या आत बहुतेकांचं थांबतं.

आता औषधाचं. ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल जठरात तयार होणारं आम्ल कमी करतं. सैल पडणारा स्नायू ते आवळत नाही. म्हणजे दूध तितक्याच वेळा वर येणार, फक्त कमी आंबट होऊन. त्यातही दूध प्यायल्यावर साधारण दोन तास जठरातलं आम्ल दुधामुळे आपोआपच सौम्य झालेलं असतं, आणि चार महिन्यांचं बाळ दर दोन-तीन तासांनी पितंच. म्हणजे औषधाला कमी करायला तिथे फारसं काही उरतच नाही.

मग ‘औषधाने रडणं थांबलं’ असं आया का म्हणतात? याची नीट तपासणी झालेली आहे. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दूध टाकणारी, पाजताना किंवा पाजल्यावर रडणारी 162 बाळं घेतली. अर्ध्यांना लॅन्सोप्राझोल हे याच जातीचं औषध दिलं, अर्ध्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं काहीतरी. चार आठवड्यांत दोन्ही गटांत 54 टक्के बाळांचं रडणं निम्म्याने कमी झालं. अगदी बरोबरीत! फरक दिसला तो दुसरीकडे. खऱ्या औषधाच्या गटात 10 बाळांना गंभीर त्रास झाला, त्यात छातीचे संसर्ग मुख्य. दुसऱ्या गटात अशी बाळं 2 होती. तोंडावाटे आत गेलेल्या जंतूंना जठरातलं आम्ल मारतं. ते कमी केलं की जुलाब आणि न्यूमोनियाला वाट मोकळी होते. आपल्याकडच्या पावसाळ्यात ही जोखीम विनाकारण कशाला घ्यायची?

तरीही काही बाळांना हे औषध खरंच लागतं. दुर्बिणीच्या तपासणीत अन्ननलिकेला जखमा दिसलेल्या असतात, जन्मतः तुटक असलेल्या अन्ननलिकेचं ऑपरेशन झालेलं असतं, किंवा मेंदूच्या आजारामुळे गिळण्याचा त्रास असतो. काही बाळं दूध टाकतात, पाजायला घेतलं की तोंड फिरवून कमान करतात, आणि त्यांचं वजनही अडकलेलं असतं. अशा वेळी डोस ठरतो तो असा: ओमेप्राझोल सुरुवातीला किलोमागे साधारण 0.7 ते 1 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, दूध पाजण्याच्या अर्धा तास आधी. 6.2 किलोच्या बाळाला म्हणजे 4.3 ते 6.2 मिलिग्रॅम. बाटलीवर ‘एका एमएलमध्ये 2 मिलिग्रॅम’ असं असेल तर हे झालं सुमारे 2.2 ते 3.1 एमएल. चूक होते ती नेमकी इथे. डॉक्टरांनी सांगितलेले मिलिग्रॅम घरी एमएल होतात. तीनऐवजी सहा एमएल पोटात जातं, म्हणजे थेट दुप्पट. स्वयंपाकघरातल्या चमच्यांचा तर काहीच भरवसा नाही, म्हणून सुई नसलेली सिरिंज वापरा आणि चिठ्ठीवर मिलिग्रॅम व एमएल दोन्ही लिहून घ्या. पुडीतले दाणे पाण्यात विरघळत नाहीत, तळाशी बसतात. त्यामुळे ‘अर्धी पुडी’ अंदाजाने देऊ नका. ते दाणे कुटायचेही नाहीत, कारण त्यांच्यावरचं आवरण गेलं की जठरातल्या आम्लातच औषध वाया जातं. बाळाचं वजन वाढलं की डोस पुन्हा मोजावा लागतो. म्हणूनच थोरल्या भावाच्या वेळची चिठ्ठी धाकटीला चालत नाही.

ज्या मुलीचं उदाहरण घेतलं, तिला मी औषध देणार नाही. दूध पाजून झाल्यावर तिला वीस-तीस मिनिटं खांद्यावर उभी धरायची, मधेच ढेकर काढायची. तेलमालीश आणि आंघोळ पाजण्याआधी, पाजल्यावर लगेच नाही. वरचं दूध बाटलीने देत असाल तर दिवसभराचं माप करा. किलोमागे 150 एमएलच्या हिशेबाने तिला साधारण 930 एमएल पुरतं. बाराशे जात असेल तर उरलेलं बाहेर येणारच. झोपवताना मात्र पाठीवर, सपाट गादीवर. उशीचा उतार किंवा पोटावर झोपवणं दूध टाकण्यासाठी म्हणून करू नका, त्यात श्वास अडकण्याचा धोका आहे. डोमपेरिडोनचे थेंबही माझ्या मते बंदच ठेवावेत. त्यांचा उपयोग सिद्ध नाही आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो.

सोबत शौचात रक्ताचे धागे किंवा अंगावर इसब असेल, तर गाईम्हशीच्या दुधाच्या ॲलर्जीचा विचार करतात. अंगावर पाजणाऱ्या आईने दोन ते चार आठवडे दूध, दही, पनीर, चहातलं दूधसुद्धा बंद करून बघायचं. हे डॉक्टरांना विचारून, आणि फरक पडला नाही तर पुन्हा सुरू करायचं. आईला उगाच उपाशी ठेवू नये.

उलटी हिरवी असेल, तर यातलं काहीही करत बसू नका. आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. रात्र असली तरी लगेच कल्याणला किंवा लहान मुलांची शस्त्रक्रिया होते अशा मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात निघा. दोन ते आठ आठवड्यांच्या बाळाची उलटी कारंज्यासारखी लांब उडत असेल, उलटीत रक्त असेल, पोट फुगलं असेल, टाळू उचललेली असेल, ताप असेल किंवा बाळ मलूल पडलं असेल, तर त्याच दिवशी दाखवा. सहा महिन्यांनंतर पहिल्यांदाच सुरू झालेल्या दूध टाकण्याचीही तपासणी हवी.

औषध आधीच सुरू असेल तर किती दिवस झाले ते आठवा. ते साधारण चार आठवडे देऊन उपयोग झाला का, हे तपासायचं असतं. पण पुष्कळ घरांत पहिली बाटली संपली की त्याच चिठ्ठीवर दुसरी येते. चार आठवडे झाले असतील तर दुसरी बाटली आणण्याआधी बाळाचं वजन करून कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा आणि औषध बंद करून बघायचं का, एवढंच विचारा.