दिवस किती आणि वर्ष किती? व्याजातला ३६०चा घोळ आणि YEARFRAC



सरळव्याजाचं सूत्र आपण सातवी-आठवीपासून पाठ करतो : मुद्दल × दर × मुदत. मुदत वर्षांत दिली असेल तर काहीच अडचण नाही. पण व्यवहारात मुदत तारखांमध्ये येते, आणि तारखांवरून 'किती वर्षं' हे काढायला गेलं की एकाच कर्जाचं व्याज तीन वेगवेगळं येऊ शकतं. गंमत म्हणजे तिन्ही बरोबर असतात!

आमची एक माजी विद्यार्थिनी एका छोट्या कारखान्यात हिशेब पाहते. कारखान्याने १० लाख रुपये अल्पमुदतीचं कर्ज घेतलं होतं. दर ९ टक्के, १ जुलै २०२५ ते १ सप्टेंबर २०२५, व्याज शेवटी एकरकमी. तिच्या एक्सेल शीटमध्ये व्याज आलं १५,००० रुपये. बँकेने लावलं १५,२८७.६७. मालक म्हणाले, "बँकेने जास्त कापलेत, तक्रारीचं पत्र लिही." पत्र लिहिण्याआधी तिने फोन केला : "सर, चूक कोणाची?"

चूक बँकेची नव्हती. तिच्या सूत्रात एक आकडा लिहायचा राहिला होता. तो आकडा कोणता, हाच आजचा पाठ.

अंश वेगळा, छेद वेगळा

मुदतीचा अपूर्णांक म्हणजे वर दिवस आणि खाली वर्षाचे दिवस. या दोन्ही जागी काय घ्यायचं, हा दोन्ही पक्षांनी आधी ठरवायचा नियम असतो. मुख्य पद्धती तीन आहेत.

पहिली, प्रत्यक्ष दिवस भागिले ३६५. कॅलेंडरवर मोजून जितके दिवस भरतील तितके वर, आणि खाली ३६५. आपल्याकडच्या बँकांच्या रुपयातल्या कर्जांना साधारणपणे हीच लागते.

दुसरी, ३०/३६०. इथे प्रत्येक महिना ३० दिवसांचा मानायचा, मग तो फेब्रुवारी असो की जुलै. बारा महिन्यांचे ३६० दिवस, म्हणून वर्षही ३६० दिवसांचं. हाताने हिशेब करायच्या काळात ही फार सोयीची होती. भारत सरकारच्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांचं व्याज आजही याच पद्धतीने मोजतात, त्यामुळे दर सहामाहीचा हप्ता बरोबर सारखा येतो.

तिसरी, प्रत्यक्ष दिवस भागिले ३६०. वर कॅलेंडरचे खरे दिवस, खाली मात्र ३६०. अमेरिकी डॉलरच्या अल्पमुदतीच्या बाजारात ही रूढ आहे.

दुसरी आणि तिसरी या दोन्हींत '३६०' आहे, म्हणून मुलं त्यांना एकच समजतात. खरा घोळ इथेच आहे. तो कसा, ते आकड्यांतून पाहूया.

YEARFRAC काय करतं?

एक्सेलमध्ये हा अपूर्णांक काढायला YEARFRAC हे फंक्शन आहे. त्यात तीन गोष्टी द्यायच्या : सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख आणि पद्धतीचा क्रमांक. या क्रमांकाला 'बेसिस' म्हणतात.

- 0 : ३०/३६०, अमेरिकन नियमाने
- 1 : प्रत्यक्ष दिवस / प्रत्यक्ष वर्ष
- 2 : प्रत्यक्ष दिवस / ३६०
- 3 : प्रत्यक्ष दिवस / ३६५
- 4 : ३०/३६०, युरोपियन नियमाने

आता शीट मांडू. A2 मध्ये सुरुवातीची तारीख, B2 मध्ये शेवटची, C2 मध्ये मुद्दल, D2 मध्ये दर.

```
A2: =DATE(2025,7,1)
B2: =DATE(2025,9,1)
C2: 1000000
D2: 9%
E2: =C2*D2*YEARFRAC(A2,B2,3)
```

तारीख मुद्दाम DATE ने लिहिली आहे. नुसतं 1/7/2025 टाइप केलं आणि संगणकाची सेटिंग अमेरिकन असली, तर ती ७ जानेवारी होते आणि 1/9/2025 ही ९ जानेवारी. मग मुदत दोनच दिवसांची! व्याज फारच किरकोळ आलं तर आधी हे तपासा.

जुलैचे ३१ आणि ऑगस्टचे ३१ मिळून प्रत्यक्ष दिवस ६२. वर्षाचं पूर्ण व्याज ९०,००० रुपये. शेवटचा आकडा बदलत गेलो की उत्तरं अशी येतात :

| बेसिस | अपूर्णांक | व्याज (रु.) |
|---|---|---|
| 0 | ६०/३६० | १५,०००.०० |
| 2 | ६२/३६० | १५,५००.०० |
| 3 | ६२/३६५ | १५,२८७.६७ |

बँकेचा आकडा तिसऱ्या ओळीत सापडला. आणि विद्यार्थिनीचं सूत्र होतं `=C2*D2*YEARFRAC(A2,B2)`. तिसरी जागा रिकामी सोडली की एक्सेल विचारत नाही, चूकही दाखवत नाही, गुपचूप 0 धरतं. म्हणजे ३०/३६०. बँकेने ६२ दिवस मोजले, शीटने ६०. फरक २८७.६७ रुपयांचा.

मग बँकेचा फायदा झाला का?

मालकांचा पुढचा प्रश्न हाच होता. त्यासाठी तेच कर्ज १ फेब्रुवारी ते १ मार्च २०२५ असं धरून पाहा. प्रत्यक्ष दिवस २८. बेसिस 3 ने व्याज ६,९०४.११ रुपये. बेसिस 0 ने मात्र फेब्रुवारीही ३० दिवसांचा, म्हणून ७,५०० रुपये. इथे ३०/३६० महाग पडलं!

आता पूर्ण वर्ष घेऊ : १ एप्रिल २०२५ ते १ एप्रिल २०२६, प्रत्यक्ष ३६५ दिवस.

- बेसिस 0 : ३६०/३६० = १, व्याज ९०,०००
- बेसिस 3 : ३६५/३६५ = १, व्याज ९०,०००
- बेसिस 2 : ३६५/३६० = १.०१३८९, व्याज ९१,२५०

नीट बघा. ३०/३६० आणि प्रत्यक्ष/३६५ यांचं वर्षाचं उत्तर एकच आहे. कोणत्या महिन्यात किती व्याज पडतं एवढंच बदलतं : मोठ्या महिन्यांत एक पद्धत जास्त दाखवते, फेब्रुवारीत दुसरी. वर्षाअखेर हिशेब जुळतो. कारण ३०/३६० मध्ये छेद लहान केला, तसा अंशही लहान केला.

प्रत्यक्ष/३६० मध्ये मात्र छेद लहान केला आणि अंश तसाच ठेवला. त्यामुळे वर्षाला पाच दिवसांचं व्याज जादा लागतं. कागदावर ९ टक्के, पण ३६५ दिवसांच्या वर्षात प्रत्यक्षात ९.१२५ टक्के. हा फरक कुठल्याच महिन्यात भरून निघत नाही. म्हणून करारात '३६०' दिसलं की लगेच विचारायचं : वरचे दिवस कोणते, तीस-तीसचे की कॅलेंडरचे?

हा फरक नेहमी कर्जदाराच्या विरोधात जातो असंही नाही. परदेशात नोकरी करणाऱ्या आपल्या माणसांची इथल्या बँकांत एफसीएनआर(बी) ठेव असते, म्हणजे परकीय चलनातली मुदत ठेव. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तिचं व्याज ३६० दिवसांच्या वर्षावर मोजतात. समजा १०,००० डॉलर एका वर्षासाठी ४.५ टक्क्यांनी ठेवले. ३६५ दिवसांचं व्याज ४५० नव्हे, तर ४५० × ३६५/३६० = ४५६.२५ डॉलर. इथे जादा पाच दिवस ठेवीदाराच्या पदरात पडतात. (वर्षापेक्षा मोठ्या मुदतीला १८० दिवसांच्या अंतराने चक्रवाढ होते, म्हणून हे साधं सूत्र तिथे चालवू नका.)

कुठे चुकतं?

पहिलं, लीप वर्ष. १ फेब्रुवारी ते १ मार्च २०२४ मध्ये प्रत्यक्ष दिवस २९. बेसिस 3 त्यांना ३६५ ने भागतं, व्याज ७,१५०.६८. बेसिस 1 ३६६ ने भागतं, व्याज ७,१३१.१५. एरवी एका वर्षाच्या आतल्या मुदतीत 1 आणि 3 सारखेच दिसतात, म्हणून मुलं कोणताही टाकतात. चूक लीप वर्ष आलं की मगच उघडी पडते.

दुसरं, महिनाअखेर. २९ जुलै ते ३१ जुलै हे बेसिस 0 ने दोन दिवस होतात, बेसिस 4 ने एकच, कारण युरोपियन नियम ३१ तारखेला सरसकट ३० मानतो. आणि ३० जुलै ते ३१ जुलै? दोन्हींत शून्य दिवस! एका दिवसाचं व्याज गायब झालेलं दिसलं तर शीट बिघडलेलं नाही, पद्धतच तशी आहे.

तिसरं, उलट्या तारखा. B2 आणि A2 ची अदलाबदल झाली तरी YEARFRAC धन उत्तरच देतं, त्यामुळे चूक कळत नाही. म्हणून शेजारच्या रकान्यात `=B2-A2` ठेवा. ऋण आकडा आला की तारखा उलट्या. शिवाय प्रत्यक्ष दिवसही समोर दिसतात. ही वजाबाकी पहिला दिवस धरते आणि शेवटचा सोडते. कोणी दोन्ही दिवस धरत असेल तर त्याचा आकडा एका दिवसाने जास्त येईल.

समोरच्याची पद्धत कशी ओळखायची?

आधी मंजुरीपत्र किंवा करार वाचा, नियम तिथे लिहिलेला असतो. कागद हाताशी नसेल तर उलटा हिशेब करा. लावलेल्या व्याजाला वर्षाच्या पूर्ण व्याजाने भागा : १५,२८७.६७ ÷ ९०,००० = ०.१६९८६३. आता प्रत्यक्ष दिवसांना या उत्तराने भागा : ६२ ÷ ०.१६९८६३ = ३६५. म्हणजे पद्धत प्रत्यक्ष/३६५. उत्तर ३६० आलं तर बहुधा प्रत्यक्ष/३६०. आणि ३७२ असं विचित्र काही आलं तर समजा की वरचे दिवसच वेगळे मोजलेत, ३०/३६० लावून पाहा. (६२ ÷ ०.१६६६६७ करून बघा, ३७२च येतं.)

विद्यार्थिनीने तक्रारीचं पत्र लिहिलं नाही. शीटमधल्या प्रत्येक YEARFRAC मध्ये तिसरा आकडा घातला, आणि तो आकडा वेगळ्या रकान्यात ठेवून शेजारी कराराचं कलम लिहिलं. तुम्हीही तसंच करा.

सरावासाठी

५ लाख रुपये, दर ८ टक्के, १ जानेवारी ते १ एप्रिल २०२५. बेसिस 0, 2 आणि 3 ने व्याज काढा. दोन उत्तरं अगदी सारखी येतील. का, ते दिवस मोजून सांगा.

उत्तर : बेसिस 0 आणि 2 ने १०,००० रुपये, बेसिस 3 ने ९,८६३.०१ रुपये. ३१ + २८ + ३१ = ९०, आणि तीन महिने तीस-तीसचे धरले तरी ९०च. म्हणून या तीन महिन्यांवरून ३०/३६० आणि प्रत्यक्ष/३६० यांतला फरक ओळखता येत नाही. पद्धत तपासायची असेल तर जुलै-ऑगस्टसारखी मुदत घ्या.