कॉम्प्रेशन रेशो: ९ की १०?

प्रश्न : सिलिंडरचे विस्थापन ९७.२ घनसेंमी, क्लिअरन्स व्हॉल्यूम १०.८. ऑटो चक्राची कार्यक्षमता ५८.५ टक्के आली, पुस्तकात ६०.२ आहे. चूक कुठे?

उत्तर : विद्यार्थ्याने ९७.२ ला थेट १०.८ ने भागून ९ काढले. नेमकी इथेच बहुतेकांची गफलत होते. पिस्टन तळाशी असताना वायू दोन्ही जागा व्यापतो, म्हणून r = (९७.२ + १०.८) ÷ १०.८ = १०.

पुढे सूत्र सरळ आहे:

η = 1 − 1/r^(γ−1)

हवेसाठी γ १.४ धरला की १० चा ०.४ घात २.५१२ येतो आणि कार्यक्षमता ६०.२ टक्के.

r १२ केला तर ती ६३ होते. पण प्रत्यक्षात पेट्रोल ठिणगीनंतर अवेळी पेटून इंजिन ‘नॉक’ करू लागते. शिवाय उष्णता भिंतींतून निसटते, त्यामुळे खऱ्या इंजिनाची कार्यक्षमता या आकड्याच्या बरीच खाली राहते.